आधी पट्टी कळवा

माझ्या बहिणीने मिरजेच्या कारागिराला पहिला निरोप पाठवला, तो असा होता : ‘मुलासाठी चांगला जेन्ट्स तानपुरा हवा. किंमत आणि किती दिवस लागतील ते कळवा.’ तिकडून फोन आला, पण किंमत बाजूलाच राहिली. पहिला प्रश्न होता, ‘ताई, मुलाचं वय काय?’ तेरा. ‘गातो कुठल्या पट्टीत?’ काळी चार. ‘मग आत्ता ऑर्डर घेत नाही. आवाज फुटू दे, मग फोन करा.’

बहीण खट्टू झाली. घरी बसून दिलेले पैसे कोण नाकारतं? पण त्या नकाराचं कारण समजून घेतलं की तानपुऱ्याच्या ऑर्डरीतलं बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

तारेचा स्वर तिची लांबी, जाडी आणि ताण या तिन्हींवर ठरतो. पुरुषी तानपुरा साधारण पांढरी एक ते काळी दोन या पट्ट्यांसाठी बांधतात. त्याची दांडी लांब, भोपळा मोठा, तारा जाड. बायकी तानपुरा काळी तीन ते काळी पाचसाठी असतो, म्हणून तो आखूड आणि तारा बारीक. आता काळी एकसाठी बांधलेला तानपुरा तसाच काळी चारला चढवायचा म्हटलं तर सात स्वर वर जावं लागतं (पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून). तार तीच ठेवली तर तिच्यावरचा ताण सव्वादोन पट होतो. तार तुटते, आणि नाहीच तुटली तर घोडीखालची तबली दबते. उलट बाजूने, बायकी तानपुरा काळी एकला उतरवला की तारा सैल पडतात आणि नुसत्या खडखडतात. तेरा वर्षांचा मुलगा आज काळी चारला गातो, आवाज फुटला की कुठे थांबेल हे कुणीच सांगू शकत नाही. आजचं माप घेऊन केलेला तानपुरा दोन वर्षांत कोपऱ्यात गेला असता. ‘लेडीज’ आणि ‘जेन्ट्स’ हे दुकानातले शब्द आहेत. कारागिराला हवी असते ती पट्टी.

मुलगा सोळाचा झाल्यावर बहिणीने पुन्हा निरोप पाठवला. तो मी लिहून दिला होता, म्हणून शब्दशः आठवतो : ‘पट्टी काळी एक, क्वचित पांढरी दोन. तारा चार. पहिली तार बहुतेक पंचमात, कधी मध्यमात. बैठक मांडीवर उभा धरून. मुलाची उंची पाच फूट सात इंच, हात लहान. जवारी फार खुली नको. नक्षी साधी, रंग मधाळ. पोचवायचं पुण्यात.’ सोबत मुलाने पेटीवर स्वर धरून गायलेली दोन मिनिटांची ध्वनिफीत. ही फीत सगळ्यांत उपयोगी पडली, असं नंतर कळलं. ‘काळी एक’ लिहिणारे कितीतरी जण प्रत्यक्षात एक-दोन स्वर इकडेतिकडे गात असतात.

यातली दोन-तीन वाक्यं फालतू वाटतील, पण ती तशी नाहीत. हात लहान असेल तर दांडीची रुंदी थोडी कमी ठेवता येते. पहिल्या तारेचं सांगायचं कारण असं की मालकंसाला ती मध्यमात लावतात, मारव्याला निषादात. एकच तार इतकी वरखाली होणार हे माहीत असलं तर जाडी तशी निवडतात. पंचम आणि निषाद दोन्ही कायम हवे असतील तर पाच तारांचा तानपुरा करतात.

मुदत अडीच महिन्यांची सांगितली गेली. बहिणीला वाटलं, एवढे दिवस रोज कुणीतरी तिच्याच तानपुऱ्यावर खपत असणार. तसं नसतं; त्यातला बराच काळ काम वाळण्यात जातो. भोपळे येतात पंढरपूरच्या परिसरातून, शेतातच जून होऊन वाळलेले. कारागीर ते वर्षाचे वर्ष साठवून ठेवतात, म्हणून भोपळ्याचा वेळ तुमच्या मुदतीत धरलेला नसतो. मात्र मोठा, गोल, जाड सालीचा भोपळा शिल्लक नसेल तर थांबावंच लागतं, कारण तो करता येत नाही, उगवावा लागतो. मग तुणाच्या लाकडाची दांडी, गळा, तबली. प्रत्येक सांधा चिकटवल्यावर बसू द्यायचा. शेवटी चपडा लाखेचं पॉलिश, एकावर एक पातळ हात. पावसाळ्यात हवेतल्या ओलीने त्या पॉलिशवर पांढुरकी झाक येते, म्हणून जून ते सप्टेंबर काम रेंगाळतं. जो कारागीर जुलैत ‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणतो, तो एकतर तयार माल देतोय किंवा ओला माल देतोय. ओल्या मालाची खूण उन्हाळ्यात दिसते : गळ्यापाशी केसाएवढी चीर.

सहाव्या आठवड्यात बहिणीचा फोन गेला. मुलाच्या गुरुजींनी पाच तारांचं सुचवलं होतं, आणि रंगही तिला आता गडद हवासा वाटत होता. रंगाला लगेच होकार मिळाला, पॉलिश अजून लागायचं होतं. तारेला नाही. खुंट्यांची चारही भोकं पाडून झाली होती. पाचवं पाडायचं तर आधीची अंतरं बिघडतात, शिवाय मेरूवरच्या खाचा आणि घोडीची रुंदीही चार तारांच्या हिशेबाने झालेली. ‘नवी दांडी करावी लागेल, तिचे पैसे वेगळे आणि दिवस वेगळे,’ एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मला ते बरोबर वाटलं. बदलाची मुदत कॅलेंडरवर नसते, ती करवतीवर असते. भोपळा कापून दांडीला जोडेपर्यंत आकार बदलता येतो, भोकं पडेपर्यंत तारांची संख्या, पॉलिश लागेपर्यंत रंग आणि नक्षी. म्हणून आगाऊ रक्कम देतानाच विचारून ठेवावं की काम कुठवर आलं हे ते कधी कळवतील. बरेच जण आता मोबाइलवर फोटो पाठवतात.

सगळ्यांत शेवटी निघते ती जवारी. घोडीचा वरचा भाग किंचित उतरता घासून, तारेखाली सुती दोरा सरकवून तो गुंजणारा नाद मिळवतात. हे काम त्याच तारांवर आणि त्याच पट्टीत करावं लागतं. म्हणूनच काळी एकला काढलेली जवारी एखादा स्वर वरखाली चालते, तीन-चार स्वर सरकवले की नाद बसतो. पुरुषी तानपुरा बायकी करून मागणं हा बदल नव्हे, ती नवी ऑर्डर आहे.

मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नावाची नक्कल थोपवायला मदत होईल, पण पट्टी चुकीची कळवली असेल तर शिक्का काय करणार?

तानपुरा आला की लगेच पूर्ण पट्टीला चढवू नका. प्रवासासाठी तारा सैल केलेल्या असतात. रोज थोडं चढवत चार-पाच दिवसांत पट्टी गाठा, नव्या तारा तोवर ताणल्या जातात. नाद आवडला नाही तर आधी दोरा केसभर मागेपुढे सरकवून पाहा. तरीही नाही जमलं तर घोडीला स्वतः कानस लावू नका, कारागिराला फोन करा आणि तानपुरा वाजवून ऐकवा.