कॉलरबोन मोडल्यावर सायकल कधी?

कात्रज घाटात उतारावर पुढचं चाक खडीत घसरलं आणि मी डाव्या खांद्यावर आपटलो. हाताने गळ्याजवळ चाचपलं तर हाडावर टेंगूळ. एक्स-रेत कॉलरबोन मधोमध मोडलेलं, पण टोकं फारशी सरकलेली नव्हती, त्यामुळे ऑपरेशन टळलं. टोकं दोन सेंटिमीटरहून जास्त एकमेकांवर चढली किंवा आतून कातडी ताणू लागली, तर प्लेट बसवण्याचा विचार होतो.

झोळी हाड जोडत नाही, ती फक्त हाताचं वजन पेलते. त्यामुळे साधारण दोन-तीन आठवड्यांत दुखणं उतरलं की ती हळूहळू सोडायची. मात्र कोपर, मनगट आणि बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, नाहीतर कोपर आखडतं. माझं तेच झालं, आळस नडला. हात खांद्याच्या वर नेणं सहा आठवड्यांपर्यंत टाळायचं.

दुसऱ्या आठवड्यानंतर मी घरात ट्रेनरवर ताठ बसून, हँडलवर भार न देता पेडल मारले. खरा प्रश्न रस्त्याचा. सहाव्या आठवड्याला दुखणं गेलं, पण एक्स-रेत नवं हाड पुसटच दिसत होतं. मोठ्या माणसात हाड नीट भरायला सहा ते बारा आठवडे लागतात, सिगारेट ओढणाऱ्याला आणखी उशीर होतो. मी दहाव्या आठवड्याला सपाट रस्त्यावर उतरलो.

हात बधिर पडला, धाप लागली किंवा टेंगळावरची कातडी पांढरी पडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.