न वाचता येणारा माल

परदेशातील औषध कंपनी भारतात एखाद्या नव्या औषधाची चाचणी घेते तेव्हा सहभागी होणाऱ्या रुग्णाला एक संमतिपत्र द्यावे लागते. चाचणी कशाची आहे, गोळी कधी घ्यायची, रक्त किती वेळा काढणार, त्रास काय होऊ शकतो, मधेच बाहेर पडता येते का, हे सारे त्यात असते. ते रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे, हे २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियमांतही सांगितले आहे. म्हणून महाराष्ट्रातील केंद्रांसाठी मराठी प्रत लागते. कंपनी हे काम अनुवाद संस्थेला देते, संस्था ते एखाद्या स्वतंत्र अनुवादकाकडे सोपवते, आणि तो अनुवादक कराडला, वाशीमला किंवा चिपळूणला घरातल्या टेबलाशी बसलेला असू शकतो.

या व्यवहाराची अडचण बाकीच्या दूरस्थ कामांपेक्षा वेगळी आहे. संकेतस्थळ बांधून घेणाऱ्याला ते उघडून पाहता येते, हिशेब लिहून घेणाऱ्याला बेरीज तपासता येते. मराठी संमतिपत्र मागवणाऱ्या जर्मन संस्थेत मात्र बहुधा एकालाही मराठी वाचता येत नाही. हातात आलेला माल बरा की वाईट हे गिऱ्हाइकाला पाहून कळत नाही, म्हणून ते मालाच्या आजूबाजूच्या गोष्टी पाहते.

पहिली गोष्ट म्हणजे माणूस खरा आहे का. या क्षेत्रात बायोडेटाची चोरी ही जुनी डोकेदुखी आहे. एखाद्या अनुभवी अनुवादकाचा बायोडेटा उचलायचा, त्यावरचा ईमेल पत्ता बदलायचा, त्याच्या नावाने काम मिळवायचे आणि भलताच मजकूर पाठवून पैसे घेऊन गायब व्हायचे, असा तो धंदा. त्यामुळे फुकटच्या ईमेल पत्त्यावरून आलेल्या अर्जाकडे अनेक संस्था संशयाने बघतात. स्वतःच्या नावाचे डोमेन, त्यावरचा ईमेल आणि तोच पत्ता व्यावसायिक मंचावरच्या नोंदीतही असणे, एवढ्याने निम्मी शंका मिटते. बायोडेटा बदलता न येणाऱ्या पीडीएफमध्ये द्यावा आणि जन्मतारीख, आधार क्रमांक असले तपशील त्यात घालू नयेत.

कागदपत्रे मागण्यामागेही कारण असते. अनुवाद सेवेसाठी आयएसओ १७१०० हे मानक आहे. त्यानुसार अनुवादकाकडे अनुवाद विषयातील पदवी हवी, किंवा दुसऱ्या विषयातील पदवी आणि दोन वर्षांचा पूर्णवेळ अनुभव, किंवा नुसता पाच वर्षांचा पूर्णवेळ अनुभव. लेखापरीक्षणात संस्थेला याचे पुरावे दाखवावे लागतात. पदवीची प्रत मागितली म्हणून अपमान वाटण्याचे कारण नाही, ती त्यांच्या फायलीत लागते. कामाचे नमुने देताना मात्र जपून. जुन्या ग्राहकाचा गोपनीय मजकूर नमुना म्हणून जोडला, की नवा ग्राहक तिथेच ताडतो की उद्या आपलाही कागद असाच फिरेल. सर्वांना खुले असलेले एखादे आरोग्यपत्रक घेऊन मूळ आणि अनुवाद शेजारी शेजारी मांडणे हा सरळ मार्ग.

इथून पुढे काम कसे सरकते ते एका कल्पित पण नेहमीच्या उदाहरणातून पाहू. कराडची एक अनुवादिका जर्मनीतील एका संस्थेला लिहिते. संस्था अडीचशे शब्दांचा चाचणी मजकूर पाठवते. तो दुसरा मराठी भाषक तपासतो. अर्थ, परिभाषा, व्याकरण, शैली अशा प्रकारांनी चुका नोंदवतो आणि प्रत्येकीला साधी, मोठी किंवा गंभीर ठरवतो. अर्थ उलटला किंवा आकडा चुकला तर ती गंभीर. चाचणी पार पडल्यावर लगेच मोठे काम येत नाही. आधी सहाशे शब्दांचे एक सूचनापत्रक येते, आणि ते वेळेत, नीट फाइलमध्ये परत गेल्यावर मग ४२०० शब्दांचे संमतिपत्र. दोन्ही बाजूंची उधारी अशी पायरीपायरीने वाढते.

संमतिपत्र हाती आल्यावर ती अनुवाद सुरू करण्यापूर्वी दोन प्रश्न पाठवते. पहिला, आकडे देवनागरी हवेत की रोमन? मराठी वाचकाला ‘५ मि.ग्रॅ.’ वाचायची सवय आहे, पण संस्थेची तपासणी प्रणाली मूळ आणि अनुवादातील आकडे जुळवून पाहते आणि देवनागरी अंक दिसले की चूक म्हणून दाखवू शकते. मराठी न येणाऱ्या माणसाला औषधाची मात्रा स्वतःच्या डोळ्यांनी तपासता यावी म्हणूनही बरेच ग्राहक रोमन अंक मागतात. दुसरा प्रश्न, मूळ इंग्रजीत रक्त ‘बायवीकली’ काढणार असे आहे, म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा? या शब्दाचे दोन्ही अर्थ इंग्रजीत चालतात. संस्था कंपनीला विचारते, उत्तर येते: दोन आठवड्यांतून एकदा. हा प्रश्न न विचारता अंदाजाने लिहिले असते, तर रुग्णाला चौपट वेळा रक्त द्यायचे आहे असा समज झाला असता. मराठीचे एक अक्षरही न येणाऱ्या प्रकल्प व्यवस्थापकाला या प्रश्नावरून एवढे कळते की समोरचा माणूस मजकूर वाचतो आहे. दूरवरच्या ग्राहकाला दिसणारा गुणवत्तेचा पहिला पुरावा असा प्रश्नच असतो. अर्थात शब्दकोशात सापडेल ते विचारणाऱ्याचा परिणाम उलटा होतो.

अनुवाद पोहोचल्यावर संस्था उलट अनुवाद करून घेते. मूळ इंग्रजी न पाहिलेला दुसरा अनुवादक मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो आणि दोन्ही इंग्रजी मजकूर समोरासमोर ठेवले जातात. जिथे फरक दिसेल तिथे तक्त्यात शेरा पडतो आणि तो तक्ता अनुवादिकेकडे येतो. परक्या भाषेतला माल तपासण्याची ही ग्राहकाची हुकमी पद्धत, पण तिला मर्यादा आहेत आणि त्या जाणणे हेच अनुवादकाचे भांडवल.

या तक्त्यात दोन शेरे होते असे समजा. सुई टोचलेल्या जागी ‘काळेनिळे पडू शकते’ असे तिने लिहिले होते. उलट अनुवाद करणाऱ्याने ते शब्दशः केले आणि तिकडे प्रश्न पडला: कातडी काळी पडते म्हणजे ती मरते की काय? उत्तर एका ओळीचे. त्वचेखाली रक्त साकळले की मराठीत असेच म्हणतात, रुग्ण दुसरे काही समजणार नाही.

दुसरा शेरा जास्त शिकवणारा आहे. रक्ततपासणीपूर्वी दहा तास ‘फास्टिंग’ असे मूळ होते आणि तिने लिहिले होते, ‘दहा तास पाण्याशिवाय काहीही खाऊ-पिऊ नये.’ शेरा आला की अनुवादकाने मजकूर वाढवला आहे, शब्द एकच आहे, तोच ठेवावा. आता ‘उपवास’ लिहिले असते तर उलट अनुवादात नेमका तोच इंग्रजी शब्द परत आला असता आणि तक्ता बिनशेऱ्याचा राहिला असता. पण मराठी घरात उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू, केळे आणि चहा. गुरुवार करणारा रुग्ण खिचडी खाऊन, ‘उपवासच होता की’ म्हणत रक्त देऊन आला असता आणि साखरेचा आकडा फसवा निघाला असता. पद्धतीने बरोबर ठरवलेला शब्द इथे चूक आणि चूक ठरवलेले वाक्य बरोबर. तिने हे चार ओळींत लिहून कळवले, साबुदाण्यात पिष्टमय पदार्थ भरपूर असतो हेही सांगितले, आणि वाक्य तसेच राहिले. दर कमी करून जे साधत नाही ते अशा चार ओळींनी साधते. चिडून ‘माझी मातृभाषा आहे, मला कळते’ असे लिहिले की मात्र ते काम शेवटचे ठरण्याची शक्यता जास्त.

उलट अनुवादानंतर मजकूर पानांवर मांडला जातो आणि तिथे आणखी एक खड्डा आहे. पानांची मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी योग्य रचना-पर्याय निवडलेला नसेल, तर जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते, रफार भलत्याच अक्षरावर बसतो. मांडणी करणाऱ्या परदेशी माणसाला दोन्ही रूपे सारखीच नक्षी वाटतात. छपाईपूर्वीचा पीडीएफ एकदा मला दाखवा, असे अनुवादिकेने आपण होऊन सांगणे आणि त्या तासाभराचे पैसे आधीच दरपत्रकात लिहिणे, यातून दोघांचीही अब्रू वाचते.

विश्वास तुटण्याची कारणे बहुतेक वेळा भाषेबाहेरची असतात. काम अंगावर आले म्हणून अर्धे मैत्रिणीला दिले, हे त्यातले नेहमीचे. अनुवादाची सॉफ्टवेअरे प्रत्येक वाक्यासोबत ते कोणाच्या नावाने आणि किती वाजता भरले याची नोंद ठेवू शकतात. गोपनीयतेचा करार मोडल्याचे तिकडे असे दिसते, आणि त्यावर खुलासा चालत नाही. दुसरे कारण वीज. देखभालीसाठी वीज जाण्याचा वार गावात ठरलेला असेल, तर त्या दिवसाची मुदत घेऊच नये. इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट ही चैन धरता येत नाही. उशीर होणारच असेल तर तो मुदत टळण्यापूर्वी कळवावा, नंतर कळवलेले कारण खरे असले तरी सबब वाटते. घड्याळ मात्र अनुवादिकेच्या बाजूने आहे. जर्मनी उन्हाळ्यात भारताच्या साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. कराडहून दुपारी बाराला पाठवलेले काम तिकडे कचेरी उघडताना टेबलावर असते.

पैशाच्या बाबतीत शंका घेण्याची पाळी अनुवादकाची. प्रोझ या व्यावसायिक मंचावर संस्थांना अनुवादकांनी एक ते पाच असे गुण दिलेले असतात, पुन्हा यांच्याबरोबर काम कराल का, या प्रश्नावर. ते पाहावे आणि परचेस ऑर्डर आल्याशिवाय फाइल उघडू नये. चुकून जादा रक्कम गेली, फरक परत पाठवा, असे सांगणारा ग्राहक हा ठरलेला ठग. त्याचा मूळ धनादेश काही दिवसांनी वटत नाही आणि परत पाठवलेले पैसे गेलेले असतात.

प्रामाणिक संस्थाही बिलानंतर तीस ते साठ दिवसांनी पैसे देतात. मूळ शब्दाला चार सेंट धरले तर ४२०० शब्दांचे १६८ युरो होतात. बँकेमार्फत आले तर मधल्या बँकांचे शुल्क त्यातून कापले जाऊ शकते, म्हणून छोटी बिले महिनाअखेरीस एकत्र करणे परवडते. शुल्क कोणी सोसायचे हेही आधीच ठरवावे. पैसे कशाचे आले ते बँक विचारते, तेव्हा बिल आणि ऑर्डर हाताशी हवी. परकीय चलन मिळाल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवावा, करासाठी तो लागतो.

पुणे-बंगळूरच्या ग्राहकाकडून उशीर झाला तर वेगळा आधार आहे. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. ती असलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे काम स्वीकारल्यापासून लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उद्यम क्रमांक बिलाच्या वरच्या कोपऱ्यात छापलेला असला, की ग्राहकाच्या लेखा विभागात ते बिल वेगळ्या गठ्ठ्यात जाते.