पिसदुऱ्याचे शेण

चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा नावाचे गाव आहे. पावसाळा सरल्यावर तिथल्या शेतांतून चालले की काळ्या मातीत मधूनच तपकिरी, तांबूस रंगाचे गोटे दिसतात. कुणी बोटाएवढे, कुणी वांग्याएवढे. बहुतेकांवर वळ्या असतात आणि एखाद्याचे टोक निमुळते असते. हातात घेतला तर दगडच, वजनही दगडाचेच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा बरोबरचे शेतकरीकाका हसून म्हणाले, "एवढ्या लांबून हे बघाले आले का तुमी?" तो गोटा म्हणजे सहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे शेण होते, हे त्यांना सांगताना मलाच थोडे ओशाळल्यासारखे झाले.

पिसदुऱ्याची हाडे एकोणिसाव्या शतकात नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नजरेस आली होती. शेणाच्या गोट्यांवर चार्ल्स मॅटली यांनी 1939 साली स्वतंत्र लेख लिहिला आणि आकारावरून त्यांचे गट पाडले. मोठ्या गटातले गोटे दहा सेंटिमीटरपर्यंत भरतात. त्यानंतर बरीच दशके हे गोटे संग्रहालयांच्या खणांत पडून होते. हाडाला जो मान मिळतो तो शेणाला कुठून मिळणार?

मुळात शेणाचा दगड होतो तरी कसा? आपल्या गोठ्याबाहेर पडलेला पोवटा आठवून पाहा. दोन दिवसांत त्यात किडे शिरतात, पहिल्या पावसात तो विरघळतो आणि महिन्याभरात त्याची माती होते. जीवाश्म तयार होणे ही कुजण्याशी लावलेली शर्यत आहे आणि बहुतेक वेळा कुजणेच ती जिंकते. ती हरायची तर दोन गोष्टी लागोपाठ घडाव्या लागतात. पहिली, शेण ताजे असतानाच त्यावर बारीक गाळ पसरला पाहिजे, म्हणजे हवा आणि किडे दूर राहतात. दुसरी, त्या गाळातून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली खनिजे असली पाहिजेत. ती शेणातल्या पोकळ्यांत साचतात, आतल्या तंतूंना वेढतात आणि हळूहळू सगळा गोळा घट्ट करतात. पिसदुऱ्याला नदीकाठची आणि उथळ तळ्यांची चिकणमाती होती. भूशास्त्रज्ञ तिला लमेटा थर म्हणतात. पुढे दख्खनचा लाव्हा या भागावर पसरला आणि हे थर त्याखाली झाकले गेले. लाव्हा झिजून गेला तिथे ते पुन्हा उजेडात आले. खुद्द लाव्ह्यात मात्र जीवाश्म शोधायला जाऊ नये, कारण हजार अंशांच्या आसपास तापलेल्या रसात सापडलेले बहुतेक सारे जळून जाते.

आता या शेणात पाहायचे काय? पाने तर पचून गेलेली. इथे वनस्पतीची एक सवय कामी येते. मुळे पाण्याबरोबर त्यात विरघळलेली सिलिकाही शोषतात. पाणी पानांतून उडून जाते, सिलिका मागे राहते आणि पेशींच्या आत किंवा पेशींमध्ये काचेसारखे सूक्ष्म खडे बनून बसते. त्यांना फायटोलिथ म्हणतात. गवत कापताना हाताला बारीक चिरा पडतात त्यामागे हीच काच आहे. भाताचे तूस जाळल्यावर उरणारी राख बहुतांश सिलिकाच असते आणि त्या राखेने एकेकाळी आपले आजोबा दात घासत. पोटातली आम्ले या खड्यांचे काही बिघडवू शकत नाहीत. पान पचते, खडा शेणातून बाहेर पडतो. खड्याचा आकार ज्या पेशीत तो घडला तिच्यावरून ठरतो. गवताच्या पानांवरच्या काही आखूड पेशींतले खडे डंबेलसारखे किंवा खोगिरासारखे असतात. असे आकार गवताची चांगली ओळख पटवतात.

2005 साली वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी 'सायन्स' या नियतकालिकात पिसदुऱ्याच्या शेणातल्या फायटोलिथांचा अभ्यास मांडला. ही पद्धत ऐकायला सोपी आहे. गोट्याचा तुकडा फोडायचा, आम्लात टाकून आतली इतर खनिजे विरघळवायची, उरलेला गाळ गाळून त्यातली हलकी सिलिका वेगळी करायची आणि काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. अडचण वेगळीच आहे. पिसदुऱ्याच्या बांधावर आजही गवत उगवते, वाळते, त्याची धूळ उडते आणि गोट्याच्या भेगांत शिरते. मग खडा जुना की कालचा? म्हणून बाहेरचा थर काढून गाभ्यातला भाग घ्यावा लागतो. त्याहून बोलका पुरावा म्हणजे पानाच्या सालीचे तुकडे, ज्यांत खडे अजून आपापल्या पेशींच्या रांगेत बसलेले दिसतात. सुटा खडा वाऱ्याने आत येऊ शकतो. दगडाच्या पोटात दडलेला सालीचा अखंड तुकडा तसा येईल असे मानणे कठीण आहे.

या अभ्यासात आजच्या गवतकुळातल्या शाखांशी जुळणारे किमान पाच प्रकार मिळाले. धक्का इथेच होता. तोवर गवताचा निर्विवाद पुरावा सुमारे साडेपाच कोटी वर्षांच्या मागे जात नव्हता, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतरचा. मुलांच्या पुस्तकांतल्या जुन्या चित्रांत डायनोसॉरच्या पायाखाली नेचे आणि सायकड असत, गवत नसे, याचे कारण हेच. शिवाय एवढ्या शाखा फुटलेल्या दिसतात, म्हणजे गवताचा उगम त्याहूनही मागे गेला पाहिजे. भारत एकटा पडून समुद्रात उत्तरेकडे सरकू लागला, त्याआधीच गवत गोंडवनात पसरले असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. (गोंडवन हे त्या प्राचीन भूखंडाचे नाव गोंडांच्या मुलुखावरून पडले. चंद्रपूर ही त्यांचीच एक राजधानी, हा योगायोग मला फार आवडतो.) 2011 मध्ये याच गोट्यांतून भाताच्या जमातीशी जुळणारे फायटोलिथ आणि सालीचे तुकडे मिळाल्याचे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ डायनोसॉर भात खात होते असा नव्हे. भात ज्या शाखेवर पुढे आला, ती शाखा तेव्हा फुटलेली होती एवढाच.

त्याच शेणात ताडकुळातल्या, सूचिपर्णी आणि इतर सपुष्प झाडांचेही खडे आहेत. म्हणजे खाणारा गवतावर जगत नव्हता, तोंडाला येईल ते ओरबाडत होता. त्यामुळे पिसदुऱ्याला कुरणे होती, असे यावरून म्हणता येत नाही. गवत झाडांखाली, पाण्याच्या कडेला, इतर झाडोऱ्यात विखुरलेले असू शकते. फायटोलिथ काय खाल्ले ते सांगतात, भूप्रदेश कसा होता ते फारच थोडे सांगतात.

आणि खाणारा कोण? सगळेजण टायटॅनोसॉरकडे बोट दाखवतात. हे लांब मानेचे शाकाहारी महाकाय. त्यांची हाडे पिसदुऱ्याला याच थरांत मिळतात आणि जवळच्या डोंगरगावच्या टेकडीतून मिळालेल्या सांगाड्यावरून इसिसॉरस हा प्रकार ओळखला गेला. पण शेणावर नाव लिहिलेले नसते. हाडे शेजारी सापडली म्हणून शेण त्याच प्राण्याचे ठरत नाही, आणि एवढ्या अजस्र प्राण्याचे शेण वांग्याएवढे असावे का, हा प्रश्नही रास्त आहे. मूळ लेखातही टायटॅनोसॉरचा उल्लेख संशयित म्हणूनच आहे. मराठी वर्तमानपत्रांतून ही बातमी येते तेव्हा 'संशयित' हा शब्द बहुधा गळतो.

पिसदुऱ्याचा पहिला क्रमांकही आता राहिलेला नाही. 2018 मध्ये चीनमधल्या एका शाकाहारी डायनोसॉरच्या दातांवरून गवताची साल आणि फायटोलिथ मिळाले. तो डायनोसॉर दहा कोटी वर्षांहून जुना आहे. तिथे खाणाऱ्याविषयी वाद नाही, कारण घास दातालाच चिकटलेला होता.