मद्य एक, व्याधी तीन : वातरक्त, अर्धावभेदक व अम्लपित्ताच्या रुग्णाला काय सांगावे?

सातपुड्याच्या कुशीतील मोलगी परिसरात होळीचे दिवस संपले की आमच्याकडे येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारी बदलतात. भोंगऱ्या बाजार, काठीची राजवाडी होळी आणि त्यानंतरचे मेळे या काळात रात्रीची जागरणे होतात, जेवणाच्या वेळा चुकतात आणि मोहाची दारू घरोघरी असते. त्यानंतरच्या आठवड्यात कोणी सुजलेला अंगठा घेऊन येतो, कोणी अर्धे डोके धरून, तर कोणी छातीतील जळजळ सांगत. या तिन्ही व्याधींना मद्य कारणीभूत होते हे वैद्यवर्गाला नवीन नाही. चरकसंहितेत वातरक्ताच्या हेतूंमध्ये सुरा व आसव यांचा उल्लेख आहे आणि पित्तज शिरोरोगाच्या हेतूंमध्ये मद्य आहेच. तथापि ‘दारू सोडा’ एवढे एकच वाक्य तिन्ही रुग्णांना सांगून आपले कर्तव्य संपते का, याचा विचार येथे करावयाचा आहे. आमच्या मते ते संपत नाही, कारण मद्य या तीन ठिकाणी तीन वेगळ्या मार्गांनी आणि वेगळ्या वेळी काम करते.

एका रुग्णाचे उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. वय ४६, व्यवसाय शेती. होळीनंतर तिसऱ्या दिवशी मुलाच्या खांद्यावर हात टाकून ते लंगडत आले. आदल्या सायंकाळी मद्यपान झाले होते. पहाटे तीनच्या सुमारास उजव्या पायाचा अंगठा एकाएकी ठणकू लागला. सांधा लाल, उष्ण, सुजलेला होता व गोधडीचा स्पर्शही सहन होत नव्हता. “डॉक्टरसाहेब, काही लागलं नाही, मुरगळलं नाही,” असे ते म्हणाले. पुढे विचारता असे कळले की प्यायल्या रात्री छातीत जळते आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी डावे अर्धे डोके ठणकते. डोक्यासाठी ते दोन वर्षांपासून किराणा दुकानातील वेदनाशामक पुडी घेत होते, आठवड्यातून तीन-चार वेळा. पुडीत ॲस्पिरिन होते.

प्रथम सांध्याचा विचार करू. मद्याचे यकृतात पचन होताना पेशींतील ऊर्जाद्रव्याचा व्यय होतो व त्याच्या विघटनातून युरिक आम्ल वाढते. त्याच वेळी वाढलेल्या लॅक्टिक आम्लामुळे वृक्क ते आम्ल मूत्रावाटे टाकण्याऐवजी रोखून धरतात. शरीरातील जलांश कमी झाल्याने त्यात भर पडते. म्हणून वेग साधारणतः त्याच रात्री किंवा पुढील दिवसभरात येतो. बिअरमध्ये प्युरिन द्रव्येही असल्याने ती अधिक घातक ठरते. मात्र ‘बिअर सोडली, आता घरची मोहाचीच घेतो’ असे सांगणाऱ्या रुग्णाची समजूत काढली पाहिजे, कारण पहिल्या दोन्ही क्रिया कोणत्याही मद्याने घडतात. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, वातरक्ताच्या ७२४ रुग्णांच्या अभ्यासात एका दिवसात एकाहून अधिक व दोनपर्यंत पेये घेतल्यास वेगाची शक्यता सुमारे ३६ टक्क्यांनी वाढलेली आढळली. वाइनही त्याला अपवाद नव्हती.

मोहाच्या दारूची अडचण अशी की तिचे पेल्यावर माप ठरत नाही. पहिल्या धारेची दारू तीव्र असते, नंतरची सौम्य. त्यामुळे ‘दोनच पेले घेतले’ या उत्तरावर विसंबू नये. किती जणांत किती बाटल्या संपल्या, धार कोणती होती, हे विचारावे.

या जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. सांधा वा हाडे दुखणारा प्रत्येक मद्यपी वातरक्ताचाच असतो असे नाही. सिकलसेलचे प्रमाण नंदुरबारच्या आदिवासी समाजात लक्षणीय आहे आणि जलांश घटला की त्याचाही वेदनावेग उद्भवतो. रुग्ण तरुण असेल, पाठ, छाती व लांब हाडे एकदम दुखत असतील, डोळ्यांत पिवळेपणा असेल, तर प्रथम सिकलसेल तपासावा. एकच सांधा सुजून थंडी-ताप असेल तर सांध्यात पू होण्याची शक्यता धरून त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. आमच्या रुग्णास ताप नव्हता व सिकलसेल चाचणी नकारात्मक आली. वेगाच्या दिवशी युरिक आम्ल ६.४ मिलिग्रॅम होते. येथेच चूक होते. वेग चालू असताना हा आकडा खाली आलेला असू शकतो. दोन आठवड्यांनी पुन्हा पाहिले तेव्हा तो ८.९ निघाला.

आता मस्तक. अर्धशिशीच्या सुमारे एक-तृतीयांश रुग्णांना मद्य हे वेगाचे कारण वाटते. काहींना तीन तासांच्या आत वेदना सुरू होते, बहुतेकांना दहा तासांच्या आत. याचे नेमके कारण अद्याप निर्विवाद ठरलेले नाही. परंतु व्यवहारात ज्याला अल्प मात्रेनेही तीन तासांत डोके धरते, त्याच्यासाठी सुरक्षित मात्रा शोधत बसण्यात अर्थ नाही, वर्ज्य करणे हाच उपाय. ज्याला दुसऱ्या सकाळी त्रास होतो, त्याच्या बाबतीत उपवास, जागरण व पाणी न पिणे यांचा वाटा किती, हे पाहावे लागते. एक गोष्ट मात्र विसरू नये. दारू प्यायल्यानंतर पडून डोक्यास मार लागला असेल, किंवा डोकेदुखीसोबत दृष्टी धूसर झाली असेल, तर ती अर्धशिशी समजू नये. २०१५ साली मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने १०० हून अधिक बळी घेतले. मिथेनॉलचे लक्षण कित्येक तासांनी, डोळ्यांपासून दिसू लागते व तेथे विलंब म्हणजे अंधत्व किंवा मृत्यू.

तिसरे स्थान अन्ननलिकेचे. मद्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे स्नायुद्वार शिथिल होते आणि वर आलेले आम्ल खाली ढकलण्याची गतीही मंदावते. म्हणून हा त्रास सर्वांत लवकर, त्याच रात्री होतो. पिणे आधी, उशिरा भरपेट जेवण नंतर आणि लगेच आडवे होणे, हा क्रम ठरलेला असतो. येथे जेवण व निद्रा यांत तीन तासांचे अंतर, डाव्या कुशीवर झोपणे आणि खाटेच्या उशाकडील पायांखाली विटा ठेवून सुमारे १५ सेंटिमीटर उंची देणे, हे उपाय गुणकारी ठरतात. नुसत्या उशा वाढविल्याने पोट दुमडते, लाभ होत नाही. तंबाखूही सोडावी लागते. घास अडकणे, काळे शौच, रक्ताची उलटी, वजन घटणे ही लक्षणे असल्यास, किंवा छातीतील जळजळ हाताकडे वा जबड्याकडे जात असल्यास, अम्लपित्ताची चिकित्सा थांबवून तपासणीस पाठवावे.

या तिन्हींना जोडणारी कडी आमच्या रुग्णात ती पुडी होती. अल्प मात्रेतील ॲस्पिरिन युरिक आम्ल मूत्रावाटे जाऊ देत नाही, आमाशयास क्षोभ आणते, आणि वेदनाशामक वारंवार घेतल्याने डोकेदुखीच अधिक वेळा येऊ लागते. म्हणजे एका व्याधीचे औषध तिन्ही व्याधी पोसत होते. औषधालयचालक बंधूंनी येथे विशेष लक्ष द्यावे, ही विनंती. आठवड्यात तिसऱ्यांदा पुडी मागणाऱ्या गिऱ्हाइकास ‘रात्री छातीत जळते का? अंगठा कधी सुजला होता का?’ एवढे दोन प्रश्न विचारावेत.

चिकित्सेचा क्रम असा ठेवला. पुडी बंद केली. रुग्ण ती केवळ डोक्यासाठी घेत असल्याची खात्री करून घेतली, कारण हृदयरोगासाठी दिलेले ॲस्पिरिन परस्पर बंद करता येत नाही. सांध्यास विश्रांती व बर्फाचा शेक दिला, मर्दन व उष्ण स्वेद टाळले. अम्लपित्तामुळे तीव्र वेदनाशामके योग्य नव्हती, म्हणून ग्रामीण रुग्णालयातील चिकित्सकांकडे पाठविले व त्यांनी वृक्काची तपासणी करून अल्प मात्रेत कोल्चिसीन दिले. वेग शमल्यावर गुडूची व कैशोर गुग्गुळ यांची योजना आम्ही केली.

त्यानंतर मुलाच्या वहीत सहा आठवडे नोंद ठेवविली. मद्य कधी व कशासोबत, जेवण व झोप कधी, त्रास कोणता व किती तासांनी, एवढेच रकाने. पाच वेळा पिणे झाले. पाचही रात्री छातीत जळजळ झाली. डोके दोनदाच दुखले आणि दोन्ही वेळा बाजाराच्या दिवशी, उपाशीपोटी पिऊन जागरण झाले होते. ही वही वाचून रुग्ण स्वतःच म्हणाले, “मग जळणं तर दारूचंच आहे.” उपदेशाने जे झाले नव्हते, ते या नोंदीने झाले. पिणे महिन्यातून एकदावर आले व डोकेदुखी जवळजवळ थांबली.

परंतु श्रावणात अंगठा पुन्हा सुजला, त्या आठवड्यात थेंबही घेतला नसताना. युरिक आम्ल ८.२ होते. मद्य हा वेग आणणारा हेतू आहे. साठलेले स्फटिक केवळ मद्य कमी केल्याने विरघळत नाहीत. तेव्हा चिकित्सकांनी ॲलोप्युरिनॉल अल्प मात्रेने सुरू केले. आकडा ६ च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट असते आणि हे औषध पुढील वेगातही मध्येच बंद करावयाचे नसते, हे रुग्णास आपणही सांगावे.

दोन सूचना शेवटी. आसव-अरिष्टांत साधारणपणे ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्य असते. ८ टक्के धरल्यास २० मिलीच्या मात्रेत सुमारे सव्वा ग्रॅम मद्य जाते. ३० मिली विदेशी मद्यात ते सुमारे १० ग्रॅम असते. ही मात्रा अल्प असली तरी मद्य सोडलेल्या, विशेषतः डायसल्फिराम घेणाऱ्या रुग्णास काढा, चूर्ण वा वटीच द्यावी. दुसरे, रोज सकाळपासून पिणाऱ्याला ‘आजपासून बंद’ असे सांगू नये. दोन-तीन दिवसांत कंप, झटके व भ्रम होऊन जीवावर बेतू शकते. अहितकर सवय पायरीपायरीने सोडविण्याचा पादांशिक क्रम चरकांनी सांगितलाच आहे. अशा रुग्णात तो रुग्णालयाच्या देखरेखीखाली व्हावा.