माशी हातून का निसटते?

टेबलावर बसलेल्या माशीवर आपण हात उगारतो. हात टेबलावर आपटतो तेव्हा माशी केव्हाच उडालेली असते. तिची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असेल असे यावरून वाटते. खरे तर ती आपल्यापेक्षा कितीतरी अंधुक पाहते. तिला वाचवतो तो डोळ्याचा वेग.

घरमाशीचा प्रत्येक डोळा तीन हजारांहून अधिक सूक्ष्म घटकांचा बनलेला असतो. या घटकाला नेत्रिका म्हणतात. नेत्रिकेच्या टोकाशी षट्कोनी भिंग असते. त्याखाली पारदर्शक शंकू आणि त्याखाली प्रकाश टिपणाऱ्या आठ लांबट पेशी असतात. भोवती रंगद्रव्याच्या पेशींचे आवरण असल्यामुळे शेजारच्या नेत्रिकेतला प्रकाश आत झिरपत नाही.

माशीला एकाच वस्तूच्या हजारो प्रतिमा दिसतात, हा समज चुकीचा आहे. डोळा गोलाकार असल्याने प्रत्येक नेत्रिकेचा रोख थोड्या वेगळ्या दिशेला असतो, आणि ठिपक्यांच्या रांगोळीसारखे एकच चित्र तयार होते. दोन शेजारच्या ठिपक्यांमध्ये साधारण दोन ते तीन अंशांचे अंतर असते. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याची रुंदी सुमारे दोन अंश भरते. म्हणजे आपला अख्खा अंगठा माशीच्या चित्रात जेमतेम एक ठिपका होईल. भिंगे इतकी बारीक आहेत की त्यांतून याहून फारसा तपशील मिळूच शकत नाही. माणसाइतके स्पष्ट पाहणारा असा डोळा बनवायचा, तर तो किमान एक मीटर रुंद करावा लागेल.

तपशिलाची ही उणीव वेग भरून काढतो. प्रकाशाची उघडझाप सेकंदाला साधारण ६० वेळांच्या पुढे गेली, की आपल्याला तो अखंड वाटू लागतो. माशीच्या डोळ्याला सेकंदाला २०० हून अधिक उघडझापाही वेगवेगळ्या कळतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने जुनी चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. आपल्याला तिचा प्रकाश स्थिर भासतो, माशीला मात्र ती लुकलुकताना दिसते.

हालचाल ओळखण्याची युक्ती बर्नहार्ड हॅसेनस्टाइन आणि वर्नर रायशार्ट यांनी १९५६ मध्ये एका भुंगेऱ्यावरील प्रयोगांतून मांडली. शेजारचे दोन ठिपके घ्या, अ आणि ब. ‘अ’कडून निघालेला संकेत किंचित उशिराने पुढे जातो आणि ‘ब’च्या संकेताशी त्याची गाठ घातली जाते. वस्तू ‘अ’कडून ‘ब’कडे सरकली, तर दोन्ही संकेत एकाच वेळी पोहोचतात आणि त्या दिशेची हालचाल नोंदली जाते. वस्तू फारच सावकाश सरकली, तर पहिला संकेत दुसरा येण्याआधीच विरतो. म्हणून संथ हालचालीची नोंद क्षीण होते.

आता आपल्या हाताकडे वळू. दहा सेंटिमीटर रुंदीचा तळवा सेकंदाला दोन मीटर वेगाने येतो आहे असे समजा. एक मीटरवर तो सुमारे ६ अंश जागा व्यापतो आणि ५० सेंटिमीटरवर ११ अंश. २५ सेंटिमीटरवर तो २३ अंशांचा होतो, तर १० सेंटिमीटरवर एकदम ५३ अंशांचा. हा शेवटचा टप्पा ०.०७५ सेकंदात उरकतो. तेवढ्या वेळात आपला डोळा चार-पाच बदल वेगळे ओळखेल, माशीचा पंधराएक. काळ्या आकृतीच्या कडा चारही बाजूंना बाहेर पसरत आहेत, याचा अर्थ काहीतरी अंगावर येते आहे. फळमाशीच्या मेंदूत नेमक्या याच पसरण्याला प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशी सापडल्या आहेत. फळमाशी उडण्याआधी पाय असे रोवते की उडी धोक्यापासून दूर पडावी, हे ग्वेनेथ कार्ड आणि मायकल डिकिन्सन यांनी २००८ मध्ये दाखवले.

डासाच्या डोळ्यात हाच आराखडा वेगळ्या कामासाठी वापरला आहे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तायच्या डोळ्यात काही शेच नेत्रिका असतात, त्यामुळे त्याचे चित्र माशीपेक्षाही भरड असते. पण भिंगे जाड व फुगीर असतात आणि त्याखालचा प्रकाश शोषणारा भाग रुंद असतो. प्रत्येक ठिपका जास्त प्रकाश गोळा करतो, म्हणून संधिप्रकाशातही त्याचे भागते. एवढ्या भरड नजरेने माणूस ओळखता येत नाही. ते काम आधी नाक करते. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला, की मादी गडद, उठून दिसणाऱ्या आकाराकडे वळते. अगदी जवळ आल्यावर अंगाची ऊब आणि वास तिला जागा दाखवतात.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत कार्बन डायऑक्साइडचा वास आल्यावर एडिसच्या माद्या लाल, नारिंगी आणि काळ्या रंगाकडे वळल्या, पांढऱ्याकडे त्यांनी दुर्लक्ष केले. पावसाळ्यात मुलांना पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे कपडे घाला. मच्छरदाणी आणि साचलेले पाणी काढून टाकणे याला तो पर्याय नाही, पण डासाच्या नजरेतून थोडे सुटण्याचा हा सोपा उपाय आहे.