'घर बिदा' म्हणजे घरी पाठवणी नव्हे

2025 च्या उन्हाळी सुटीत मी भैंसा येथे घरी होतो. आमच्या गल्लीतील एक गृहस्थ तेथील जिनिंगमधील फिटरचे काम सोडून नेपाळच्या तराईत एका गिरणीत गेले होते. त्यांच्या पत्नीला मी चाची म्हणतो. एके दिवशी कराराचा फोटो दाखवून चाची म्हणाल्या, "बेटा, लिपी तो अपनीच है, मतलब समझ में नहीं आता. चौबीस हज़ार लिखा है, आते हैं साढ़े तेरह. बाकी का पैसा किधर जाता है?" घरात संशयाने ठाण मांडले होते. दीराचा आरोप एजंटावर होता; चाचींना काय वाटत होते ते त्या बोलत नव्हत्या.

कागद नेपाळीत होता. लिपी देवनागरी असल्याने तो वाचता येतो, आणि फसगत होते ती नेमकी तेथेच. मी प्रत्येक कलम त्यांच्या हिंदीत एका वहीत उतरवून दिले.

सुरुवात पगारापासून केली. 'मासिक आधारभूत पारिश्रमिक रु. 24,000' असे कलम होते. आधारभूत म्हणजे मूळ पगार. पण हा 'रु.' नेपाळी! 1993 पासून भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे 1.60, असा दर ठरलेला आहे. कागदावर 'भा.रु.' असे स्पष्ट लिहिले नसेल तर नेपाळी रुपयाच धरावा. पुढच्या ओळीत 'सञ्चय कोष' होता. हा आपला भविष्यनिर्वाह निधी. नेपाळच्या 2017 च्या श्रम कायद्याप्रमाणे मूळ पगाराचे 10 टक्के कापले जातात आणि तेवढीच रक्कम मालक घालतो. 24,000 मधून 2,400 गेले, उरले 21,600. त्यांना 1.60 ने भागले की बरोबर 13,500. वहीत लिहिले: "पैसा किसी ने नहीं खाया. 2,400 हर महीने चाचा के नाम से जमा होते हैं, उतने ही मालिक डालता है." त्याखालचे 'उपदान' म्हणजे ग्रॅच्युइटी. ती मूळ पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे येथे महिना सुमारे 2,000, आणि ती मालकाने स्वतःच्या खिशातून भरायची असते. चाचींनी हिशोब दोनदा करवून घेतला.

खरी भीती मात्र दुसऱ्याच शब्दाची निघाली. करारात 'घर बिदा' होते. हिंदीत विदा म्हणजे निरोप, म्हणून दीराने अर्थ लावला होता की मालक केव्हाही घरी पाठवून देईल. नेपाळीत बिदा म्हणजे रजा. वीस दिवस काम केले की एक दिवस घरी जाण्याची भरपगारी रजा जमते. तोवर चाचांचे सुमारे शंभर दिवस भरले होते, म्हणजे पाच दिवस. आजारपणाची 'बिरामी बिदा' वर्षाला बारा दिवस, ती वेगळी.

याच्या उलट गंमत 'राजीनामा' शब्दाची. हिंदीत त्याचा अर्थ तडजोड, म्हणून दीराला ते कलम सुरक्षित वाटले होते. मला मात्र अडले नाही, कारण नेपाळीत तो शब्द आपल्या मराठीप्रमाणेच आहे. "नौकरी छोड़ने की चिट्ठी," असे मी लिहिले. नोकरी चार आठवड्यांहून अधिक पण वर्षापर्यंत झाली असेल तर सात दिवसांची सूचना द्यावी लागते. वर्षानंतर तीस दिवसांची. मालकालाही तेच बंधन आहे. परंतु 'परीक्षणकाल' सहा महिन्यांचा असतो, आणि त्यात काम समाधानकारक नसल्यास मालक करार संपवू शकतो. हे कलम मी गोड करून सांगितले नाही.

हा परीक्षणकाल केव्हा संपतो, हे कळायला तारीख लावावी लागली. करार '2081 माघ 1' चा. विक्रम संवतातला हा माघ सौर आहे, आपला चांद्र नव्हे. त्याचा पहिला दिवस म्हणजे मकरसंक्रांत, 14 जानेवारी 2025. (आपला माघ त्या वर्षी जानेवारीच्या अगदी शेवटी लागला होता.) म्हणजे सहा महिने जुलैच्या मध्यास पुरे होणार. तोवर चाचांच्या पगारावर नवे कर्ज काढू नये, एवढे मी माझ्या जबाबदारीवर सांगितले. कारण चाचींनी दुकानदाराला दरमहा पंधरा हजारांचा शब्द दिला होता, आणि येत होते साढेतेरा.

वहीच्या शेवटच्या पानावर "इसमें नहीं लिखा" असा मथळा घालून दोन गोष्टी नोंदवल्या: येण्याजाण्याचे भाडे कोण देणार, आणि राहण्याच्या खोलीचे पैसे कापणार की नाही. त्यांचा अर्थ मी माझ्या मनाने लावला नाही. रात्री फोन आल्यावर चाचींनी वही उघडून आधी तेच दोन प्रश्न विचारले. खोली फुकट होती. भाड्याचे चाचांनाही ठाऊक नव्हते. विचारून सांगतो, म्हणाले.