कोबीचं पाणी, खायचा सोडा आणि न आलेला गुलाबी रंग

मागच्या भागानंतर बऱ्याच शिक्षकांनी एकच गोष्ट विचारली: पाचवी-सहावीच्या मुलांना आम्ल आणि आम्लारी शिकवायचं तर प्रयोगाची टेबलं कशी मांडायची? तर आज तेच. बोललेलं जरा नीटनेटकं करून इथे लिहून देतोय.

आधी दर्शक करूया. पाव जांभळा कोबी बारीक चिरायचा, स्टीलच्या पातेल्यात अर्धा लिटर उकळतं पाणी त्यावर ओतायचं आणि वीस मिनिटं झाकून ठेवायचं. मग गाळून गार करायचं. गरम पाण्याचं काम मोठ्यांनीच आदल्या दिवशी करायचं. पाणी शक्यतो फिल्टरचं घ्या. बोअरच्या जड पाण्यात क्षार असतात, त्यामुळे अर्क जांभळा न होता आधीच निळसर होतो, आणि मग मुलांना तुलना करायला काही उरतच नाही.

पहिलं टेबल रंग बघण्याचं. पांढऱ्या वाट्यांमध्ये दोन-दोन चमचे अर्क घ्यायचा. एकीत व्हिनेगर, एकीत लिंबू, एकीत साधं पाणी आणि एकीत सोड्याचं पाणी. व्हिनेगर आणि लिंबाला गुलाबी-लाल रंग येतो, साध्या पाण्यात जांभळा राहतो, सोड्यात निळा होतो. प्रत्येक द्रवाला स्वतःचा ड्रॉपर हवा, त्यावर नाव चिकटवा. व्हिनेगरचा ड्रॉपर सोड्यात गेला की पुढचे सगळे रंग खोटे!

आता एक धोक्याची गोष्ट. खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा, दोन्ही पांढरे, नावं सारखी, आणि सुटे घेतले तर पुडीवर काही लिहिलेलंच नसतं. धुण्याचा सोडा बराच तीव्र आहे, डोळ्यांत गेला तर त्रास होतो. म्हणून मुलं यायच्या आधी चिमूटभर सोडा अर्कात टाकून बघा. निळा, फार तर निळसर-हिरवा आला तर खायचा सोडा. स्पष्ट हिरवा आला तर ती पुडी बाजूला ठेवा. पानाचा चुनाही टेबलावर नको, तो डोळ्याला फार वाईट. आणि घरातून ब्लीच कुणी आणू नये. त्यात व्हिनेगर पडलं तर क्लोरीन वायू सुटतो.

दुसरं टेबल फसफसण्याचं, आणि माझी फजिती इथेच झाली होती. एका वर्गात मी मुलांना छातीठोकपणे सांगितलं, 'सोड्याचं निळं पाणी आहे ना, त्यात व्हिनेगर घालत जा, शेवटी गुलाबी होईल.' मुलं चमचे घालत राहिली. रंग जांभळ्यावर येऊन थांबला. एक मुलगी म्हणाली, 'सर, तुमचं व्हिनेगर खराब आहे!'

व्हिनेगर चांगलं होतं. हिशोब बघा. पाव छोटा चमचा सोडा म्हणजे साधारण सव्वा ग्रॅम. तो अर्धा कप पाण्यात विरघळवून त्यात थोडा अर्क घातला. चार टक्क्यांच्या व्हिनेगरचे चार छोटे चमचे, म्हणजे वीसेक मिली, घातले की जवळजवळ सगळा सोडा संपतो. फसफस थांबते. म्हणजे उदासिनीकरण झालं. पण त्यातून सोडिअम ॲसिटेट तयार होऊन पाण्यातच राहतं, आणि ते नंतर घातलेल्या व्हिनेगरची आम्लता दाबून धरतं. म्हणून आणखी चार चमचे घातले तरी रंग गुलाबीसर जांभळाच राहतो, नुसत्या व्हिनेगरसारखा झगझगीत होत नाही.

मग मुलांना काय सांगायचं? सोडा कधी संपला हे रंगावरून नाही, फसफशीवरून ओळखा. एकेक चमचा घाला, ढवळा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबा, वहीत लिहा. कितव्या चमच्याला फसफस आलीच नाही, तो आकडा शोधायचा. मग सोडा दुप्पट घ्या आणि व्हिनेगर किती लागेल याचा अंदाज आधी लिहायला लावा. आठच्या आसपास आकडा आला की मुलांचे चेहरे बघा.

एक नियम मात्र मोडायचा नाही: हे सगळं उघड्या भांड्यातच. झाकण घट्ट लावलेल्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि बाटली फुटू शकते. डोळ्यांवर चष्मा, खाली ट्रे, आणि खाण्याच्या वस्तू असल्या तरी चव घ्यायची नाही.

उरलेला अर्क फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस टिकतो. वास आला की ओतून द्या. आणि हो, दुप्पट सोड्याला तुमच्याकडे किती चमचे लागले, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!